मी तिला नाही म्हटलं

प्रिय सुमे,

चार महिने पत्र नाही. तुझ्या दोन पत्रांना उत्तर देणं राहिलं आणि आता कारणं सांगत बसत नाही. माझा गुडघा ठीक आहे, आईचं बीपी आटोक्यात आहे.

लिहायला बसले ते एका गोष्टीसाठी. मंगळवारी एम.एस्सी.ची एक मुलगी अर्ज घेऊन आली होती. तिच्या गावच्या देवराईतली झाडं मोजायची आहेत, गाइड म्हणून मीच हवी. मी नाही म्हटलं. तिने अर्जाची चार घड्या घालून पर्स बंद केली आणि ‘बरं मॅडम’ म्हणून गेली. त्या चार घड्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

माझा वर्कलोड तुला ठाऊक आहे. सहयोगी प्राध्यापकाला नियमाने आठवड्याला १४ तास. पण आमच्या विभागात दोन जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावर शिकवणारी मुलगी दिवाळीत दुसरीकडे लागली, आणि माझे तास झाले २४. देवराईला जायला दोन तास, यायला दोन तास. उरतो तो रविवार, आणि त्यातही पेपर तपासणी.

मागच्या वर्षी याच परिस्थितीत मी अशाच एका मुलाला हो म्हटलं होतं. ते तुला सांगितलंच नव्हतं.

त्या मुलाने दहा बाय दहा मीटरचे वीस प्लॉट घातले, प्रत्येक झाडाचा घेर टेपने नीट मोजला. पहिल्या दहा प्लॉटचं गणित बरोबर. पुढच्या दहांत त्याने घेराचा आकडा व्यासाच्या सूत्रात घातला. आता बघ, १२० सेंटिमीटर घेराच्या झाडाच्या खोडाचं क्षेत्रफळ येतं ११४६ चौरस सेंटिमीटर. त्याच्या शीटवर ते ११,३१० झालं, म्हणजे जवळजवळ दहापट. सगळीकडे हीच चूक असती तर झाडांचं एकमेकांशी प्रमाण तरी तेच राहिलं असतं. पण चूक अर्ध्याच प्लॉटमध्ये, त्यामुळे त्या बाजूला जास्त असलेला बेहडा देवराईतलं सर्वांत महत्त्वाचं झाड ठरला. पोराने त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं, देवाच्या धाकाने बेहडा कसा राखला गेला ते. खरा बेहडा पाचव्या नंबरवर होता!

हे कळायला मूळ शीट चाळायचीही गरज नव्हती. खोडांच्या क्षेत्रफळाची शेवटची बेरीज दर हेक्टरी १६५ चौरस मीटर होती. आपल्याकडच्या चांगल्या दाट रानात ती तीस-चाळीसच्या आसपास येते. नुसता तो एक आकडा वाचला असता तरी थांबले असते. मी वाचला नाही, सुमे. दोन तासांच्या मधल्या दहा मिनिटांत सही केली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, ‘हे कुठून आलं?’ पोरगा खाली बघत राहिला. ‘मॅडमनी बघितलंय’ हे तो म्हणाला नाही.

म्हणून या वेळी नाही. पण नुसतं नाही म्हणून तिला वाऱ्यावर सोडणं मला जमेना. आणि आता तू रागावणार. मी तिला ‘लेबल’कडे पाठवलंय.

हो, तोच. तुझे वनस्पतींचे अकरा नमुने लेबलावर ठिकाण आणि तारीख नाही म्हणून कचऱ्यात टाकणारा. तू त्याच्याशी बोलणं सोडलंस आणि तुझ्या बाजूने मीही. त्या दिवशी तू कँटीनमध्ये त्याच्या चहात मीठ घातलं होतंस, आणि तो सगळा प्यायला! आठवलं की अजून हसू येतं. पण नऊ वर्षांनी कबूल करते: कचऱ्यात टाकणं वाईट होतं, लेबलाचं म्हणणं खरं होतं.

मी फोन केला. खुशाली नाही, काही नाही. विषय ऐकून पहिलाच प्रश्न, ‘घेर किती उंचीवर घेणार?’ मी म्हटलं १.३७ मीटर. ‘उतारावर?’ चढाच्या बाजूने. ‘आधारमुळं असली तर?’ त्यांच्या वर. मग म्हणाला, ‘पाठव.’ त्याच्याकडे यंदा दोनच विद्यार्थी आहेत, कॉलेज आपल्याच विद्यापीठातलं, विभागप्रमुखांचं पत्र मी दिलं. आणि तो रानात सोबत जातो. पानं गळलेली असली तरी मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीचा ऐन कुठला, किंजळ कुठला, हे झाडाखाली उभं राहून दाखवतो. मला यंदा ते शक्यच नव्हतं.

बुधवारी मुलीला बोलावून मागच्या वर्षीचं सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, तिचे मार्क कमी म्हणून मी टाळलं. हे मंगळवारीच सांगायला हवं होतं ना?

तुझ्या घराचं काम स्लॅबपर्यंत आलं का? चिनूची दहावी यंदाच ना? भाऊजींना नमस्कार.

लेबलचं काय ते स्पष्ट लिही, शिव्या दिल्यास तरी चालेल. रविवारी तो आणि ती मुलगी देवराईत जाणार आहेत. किंजळाला फळं धरलीत, म्हणून त्याने तोच दिवस धरलाय.

तुझी,
विजू