कपातीच्या कुजबुजीला काय उत्तर द्यावे

नाशिक,
१८ जानेवारी २०२६

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. अंबडच्या तुमच्या कारखान्यात कामगार कपात होणार अशी कुजबुज सुरू झाली आहे, लाइनवरची माणसे तुला थेट विचारू लागली आहेत, आणि तुला जे ठाऊक असेल ते बोलण्याची मुभा नाही, एवढेच तू लिहिलेस. त्यापलीकडे काही लिहिले नाहीस हे योग्य केलेस, आणि पुढेही मला सांगू नकोस. तुमची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. भावावर परिणाम करू शकेल अशी अप्रकाशित माहिती कामाच्या रास्त गरजेशिवाय कोणालाही देण्यास सेबीच्या २०१५ च्या नियमांची मनाई आहे, आणि त्यात मित्रांना सवलत नाही. मनुष्यबळ विभागात मी जे पाहिले त्यावरून, बोलावे कसे एवढेच तुला सांगतो.

तू लिहिलेल्या सागरचाच प्रश्न घेऊ. चहाच्या सुट्टीत त्याने विचारले, ‘साहेब, पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट बघितलाय, पुढच्या आठवड्यात बुकिंगची रक्कम द्यायची आहे. देऊ की थांबू?’ ‘खुशाल दे’ म्हणालास आणि उद्या त्याचे नाव यादीत निघाले, तर त्याच्या संसाराचे नुकसान तुझ्या शब्दावर झालेले असेल. ‘थोडे थांब’ म्हणालास तर संध्याकाळपर्यंत सिडकोतल्या घराघरांत ते पोहोचलेले असेल, आणि ज्यांची नावे कुठेही नाहीत तेही दुसरी नोकरी शोधू लागतील. ‘मला माहीत आहे, पण सांगता येत नाही’ हे उत्तर प्रामाणिक वाटते, परंतु ऐकणाऱ्याला त्यातून हवे ते सगळे कळते.

मी त्याच्याशी असे बोललो असतो: ‘मनुष्यबळाच्या निर्णयांबद्दल मला काही माहीत असो वा नसो, मी त्यावर कोणाशीच बोलत नाही, त्यामुळे माझ्या तोंडाकडे बघून घराचा निर्णय घेऊ नकोस. खासगी नोकरी करणाऱ्याने सहा महिने पगार आला नाही तर हप्ता कसा भरणार याचा हिशेब नेहमीच करावा. माझ्या भावालाही मी हेच सांगेन. बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील हे बिल्डरकडून लेखी घे, आणि करार नोंदवण्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नकोस, कारण रेरा कायद्याने त्याला ती घेताच येत नाही.’ यात सागरच्या खऱ्या अडचणीला उत्तर आहे, आणि कंपनीची एकही गोष्ट बाहेर जात नाही.

बोलण्याआधी मनाशी एवढे तपासावे, की यादीत नाव असलेल्याला आणि नसलेल्याला मी हेच वाक्य, याच सुरात म्हटले असते का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते वाक्य गिळून टाकावे. ही कसोटी वागण्यालाही लावावी लागते, कारण माझ्या अनुभवात बातमी फुटते ती बहुधा वागण्यातूनच. प्रशिक्षणासाठी पाठवायच्या नावांतून एखाद्याला गुपचूप वगळणे, एकाच लाइनवरच्या लोकांच्या रजा एकाएकी सहज मंजूर करणे, एखाद्याशी अकारण मऊ वागणे, हे सारे लोक टिपतात. हेतू चांगला असला तरी फरक पडत नाही. सर्वांना एकाएकी पीएफ खात्याची केवायसी पूर्ण करायला लावणे हे एरवी भल्याचे काम आहे, पण या आठवड्यात तू ते काढलेस तर ती घोषणाच ठरेल. कोणी आपणहून विचारले तर मात्र जरूर मदत कर. आणि कागद सांभाळ: सामाईक प्रिंटरवर राहून गेलेला एक तक्ता किंवा कॅलेंडरमध्ये सर्वांना दिसणारे बैठकीचे नाव पुरेसे असते.

तुझी खरी पंचाईत मला वेगळीच दिसते. गेल्या वर्षी अशीच अफवा उठली तेव्हा ती खोटी होती आणि तू ‘असे काहीही नाही’ असे ठणकावून सांगितले होतेस. त्या वेळी ते खरेच होते, म्हणून आज तू नुसते ‘मी यावर बोलत नाही’ म्हटलेस, तर लोक दोन उत्तरे शेजारी ठेवतील आणि फरकातून अर्थ काढतील. काही नसताना नाकारायचे आणि काही असताना गप्प बसायचे, असे ज्याने केले त्याचे गप्प बसणे हीच कबुली होते. यावर पूर्ण उपाय आता उरलेला नाही. तरीही लोकांसमोर स्पष्ट म्हण, की गेल्या वर्षीच्या प्रश्नाचे उत्तर देणे माझ्याकडून अपेक्षित नव्हते, आणि यापुढे बढती, बदली, पगारवाढ, नवी भरती यांपैकी कशावरही अधिकृत सूचनेआधी मी बोलणार नाही. मग ते खरोखर पाळ. अगदी आनंदाची बातमी असली तरी आधी सांगू नकोस. पहिले काही दिवस संशय राहील, तो सोसावा लागेल.

जे सर्वांना दिसते ते मात्र नाकारू नकोस. ओव्हरटाइम बंद झाला आहे आणि फलकावर ग्राहकाची मागणी कमी लिहिलेली आहे, तर ‘हो, मागणी कमी आहे’ म्हणावे आणि तिथेच थांबावे. कायदाही सार्वजनिक आहे. कोणी विचारले तर सांगता येते, की २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तिच्यानुसार वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागते आणि नोटीस तीन महिन्यांची असते. मात्र कोणाला त्याच्या नावाचा हिशेब मांडून देऊ नकोस. त्याच्या सेवेची वर्षे घालून तू बेरीज केलीस की कायद्याची माहिती संपली आणि इशारा सुरू झाला.

संघटनेच्या पदाधिकाऱ्याशी तुझी जवळीक आहे, हे मला माहीत आहे. त्याच्या कानात आधी काही सांगावे असे तुला वाटेल, पण ते करू नकोस. संघटनेशी बोलणे हा व्यवस्थापनाचा अधिकृत विषय आहे, आणि तू एकट्याला सांगितलेस तर पुढच्या वाटाघाटीत त्याच्यावरच त्याचे सभासद संशय घेतील.

उद्या पहिली पाळी सुरू होण्याआधी तुमच्या मनुष्यबळ प्रमुखांना भेट. अफवा ज्या शब्दांत ऐकलीस त्याच शब्दांत सांग, पण कोण बोलले त्यांची नावे देऊ नकोस. प्रश्न विचारणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागू नये. त्यांच्याकडून दोन गोष्टी लेखी माग: सर्व पर्यवेक्षकांनी वापरायचे एकच वाक्य, आणि कंपनी स्वतः कामगारांशी कधी बोलणार ती तारीख. तारीख मिळाली आणि ती जाहीर करण्याची परवानगीही मिळाली, तर सागरला बुकिंगची मुदत बिल्डरकडून तोपर्यंत वाढवून घ्यायची की नाही, हे त्याचे तोच ठरवू शकेल. तारीख देत नसतील तर ती न दिल्याने लाइनवर काय चालले आहे हे त्यांना दर दोन दिवसांनी जाऊन सांगत राहा.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मिलिंद