'ळ' आला तर काय करायचं?

महोदय,

सहलींचे दिवस आले. कोल्हापूरहून गगनबावडामार्गे सिंधुदुर्गला जाताना सहावी-सातवीची मुलं गाण्यांच्या भेंड्या लावतात, पण त्यात तीच ती धृपदं फिरतात. शब्दांच्या भेंड्या लावून पाहाव्यात. आमच्या बसमध्ये साखळी अशी गेली: डबा, बाजरी, रताळं. इथं गाडी अडली, कारण 'ळ' आणि 'ण' यांनी मराठी शब्द सुरू होत नाही. गाण्यांत आपण 'ळ'चा 'ल' करून सुटतो. इथं त्याआधीचं अक्षर घ्यायचं. रताळंवरून तवा, मग वाळवण, आणि 'ण' सोडून 'व'वरून वरवंटा.

"वरवंटा म्हणजे?" मागून प्रश्न आलाच. ज्यानं शब्द दिला त्यानंच अर्थ सांगायचा, नाहीतर शब्द बाद. पोरानं हातवारे करून आजीचं चटणी वाटणं दाखवलं.

दुसऱ्या फेरीत प्रत्येकानं साखळी पहिल्यापासून म्हणून नवा शब्द जोडायचा. नुसती घोकंपट्टी करणारे लवकर अडखळतात. तव्याशेजारी वाळवण, त्याच्याजवळ वरवंटा असं चित्र डोळ्यांपुढं धरणारे लांब जातात. मात्र अख्ख्या बसचा एक गट नको, मागच्यांना ऐकूच येत नाही. सात-आठ जण पुरेत. आणि करूळ घाट लागला की खेळ थांबवून लिंबू वाटावं!

एक शिक्षक, कोल्हापूर