मनूला, रविवारच्या भांडणानंतर

मनू,

रविवारी तू ताटावरून उठून गेलीस, तेव्हापासून आई माझ्याशी धड बोलत नाहीये, ते जाऊदे. पन्नास टक्के सवलतीचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

तुझ्या पार्लरची गूगलवरची ऑफर रिजेक्ट का झाली ते शोधलं. मजकुरात मोबाइल नंबर टाकलायस, पोस्टच्या मजकुरात फोन नंबर त्यांना चालत नाही. नंबर प्रोफाइलवर असतोच, कॉलचं बटण. म्हणून ते दाबून बघितलं तर आपल्या हॉलमधला लँडलाइन वाजला! प्रोफाइल काढताना घरचा नंबर दिला होतास, तोच अजून आहे. आई म्हणते मधे तीन-चार बायकांनी फेशियलचं विचारलं, हिने राँग नंबर सांगून ठेवून दिला. आधी तो बदल, आणि लगेच दिसेल असं नाही, ते तपासून लावतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी परत दाबून बघ.

आता पन्नास टक्के. आलंच बघ. ८०० चा हेअर स्पा ४०० ला केलास तर क्रीम, टॉवेल, मदतीच्या मुलीचं कमिशन धरून २५० जातात, तूच सांगितलेलंस, म्हणजे पाऊण तास उभं राहून हातात १५०. ६०० ला केलास तर ३५०. शनिवार-रविवारी तशीही खुर्ची रिकामी नसते मग तेव्हा सूट कशाला, रिकाम्या जातात त्या मंगळ ते गुरूच्या दुपारा. आणि शेवटची तारीख ३१ डिसेंबर? तोपर्यंत ऑफर दिसत राहणार, ऐन लग्नसराईत कोणी मोबाइल पुढे केला तर नाही म्हणवेल तुला?

मी असं लिहिलंय:

शीर्षक: हेअर स्पा ६०० रुपयांत, मंगळ ते गुरू दुपारी
तारीख: ४ ते २७ ऑगस्ट
मजकूर: एरवी ८०० चा हेअर स्पा दुपारी १२ ते ४ मध्ये ६०० ला. डहाणूकर कॉलनी, कोथरूड. आदल्या दिवशी बुकिंग करून या.
अटी: खांद्यापर्यंतच्या केसांसाठी, लांब केसांना १५० जास्त.

अटींना वेगळा रकाना आहे, बुकिंगची लिंक लिंकच्या रकान्यात. लांब केसांचं आधीच लिहिलं की काउंटरवर वाद नाही.

लेक्चर झालं, सॉरी. लॉकडाऊनमध्ये बाल्कनीत पेपर अंथरून माझे केस कापले होतेस, मागे एवढा खड्डा, आणि मी महिनाभर टोपी घालून दूध आणायला जायचो. आता तुझ्याकडे बायका नंबर लावून बसतात. तरी पन्नास टक्के नको गं. खुर्च्यांचा हप्ता ५ तारखेला ना? विचारत नाहीये, आपलं सहज.

दुकानाचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून लँडलाइनशेजारी चिकटवलाय, आईला सांगितलंय राँग नंबर म्हणायचं नाही.

बाबा