फवारणी पंपाचा पॅरा : ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, ग्रामविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : जुने लेखाआक्षेप 'अनुपालन सादर' या रकान्यात न मुरवता निकाली काढणेबाबत.

महोदय,

मी वऱ्हाडातल्या एका पंचायत समितीत सहायक लेखाधिकारी होतो. आता घरी बसलो आहे, म्हणून मोकळेपणी लिहितो.

विधिमंडळाच्या पंचायत राज समितीचा दौरा जिल्ह्यात लागला की आमच्या कार्यालयातले दिवे रात्री बारापर्यंत जळतात. वीस-वीस वर्षांपूर्वीचे पॅरे, म्हणजे लेखापरीक्षेतले आक्षेप, निघतात आणि दोन दिवसांत सगळ्यांचं 'अनुपालन', म्हणजे आमचं उत्तर, तयार होतं. ते कसं असतं ते सांगतो. 'आक्षेपाची नोंद घेतली आहे. यापुढे दक्षता घेण्यात येईल.' खाली गटविकास अधिकाऱ्यांची सही, सोबत एकही कागद नाही. चार-सहा महिन्यांनी लेखापरीक्षेकडून परत येतं, 'सहपत्रे जोडलेली नाहीत, परिच्छेद कायम.' तोवर दौरा होऊन गेलेला असतो आणि गठ्ठा पुन्हा कपाटावर चढतो.

माझ्या हातून बंद झालेला एक पॅरा मुद्दाम तपशिलात सांगतो. रक्कम ऐकून हसू येईल, पण अडतं ते अशाच ठिकाणी.

सन 2008-09 मध्ये सेस फंडातून कपाशीवाल्या शेतकऱ्यांना 90 टक्के अनुदानावर 60 फवारणी पंप वाटले होते. एक पंप 2,200 रुपयांचा, एकूण खरेदी 1,32,000. आक्षेप दोन होते. लाभार्थी हिस्सा म्हणून दरडोई 220 प्रमाणे 13,200 रुपये जमा व्हायला हवे होते, ते रोकडवहीत पूर्ण दिसत नाहीत. आणि साठा नोंदवहीत 60 पंप जमा असताना वाटपाच्या सह्या 52 च आहेत, म्हणजे 8 पंपांचे 17,600 रुपये संशयास्पद. बारा वर्षं या पॅऱ्याला 'संबंधितांकडून माहिती मागविली आहे' एवढंच उत्तर जात होतं.

मी आधी पैशाच्या मागे लागलो. पावती पुस्तकाची स्थळप्रत धान्याच्या जुन्या पोत्यात सापडली, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण आकडे शाबूत. पावत्या बरोबर 60. मग बँकेचं चलन शोधलं. 43 जणांचे 9,460 रुपये मार्चमध्ये भरले होते. उरलेल्या 17 जणांचे 3,740 रुपये एप्रिल 2009 च्या पहिल्या आठवड्यात भरले, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात. लेखापरीक्षकांनी 2008-09 ची रोकडवही तपासली, त्यात ही रक्कम नव्हतीच. ती 2009-10 च्या वहीत बसली होती. त्यांचं चुकलं नव्हतं. आमच्यापैकी कोणी पुढची वही उघडून पाहिली नव्हती.

पंपांचं काम जास्त किचकट निघालं. आठपैकी पाच पंप ग्रामसेवकांनी गावातच वाटले होते आणि सह्यांचे कागद तालुक्याला पाठवायचे राहून ते ग्रामपंचायतीच्या दप्तरातच पडले होते. त्यांच्या साक्षांकित प्रती घेतल्या. दोन लाभार्थी वारले होते. त्यांच्या वारसांचे जबाब, मृत्यूचे दाखले आणि ग्रामसेवक व दोन पंचांच्या सहीचा पंचनामा जोडला. एकाच्या गोठ्यात तो पंप अजून होता, नळी तुटलेली, टाकीवर आमच्या पंचायत समितीचा पिवळा ठसा. त्याचा फोटो काढला.

आठव्या पंपाचा पत्ता लागेना. शेवटी निवृत्त भांडारपालांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "तो फुटकाच आला होता ना बापा. बदलून देतो म्हणे, पुरवठादार तो घेऊन गेला, अन् मंग आलाच नाही." बिल मात्र 60 चं निघालं होतं, त्यावर 'सर्व पंप सुस्थितीत मिळाले' असा दाखला भांडारपालांचाच. पुरवठादाराचं दुकान कधीच बंद झालेलं.

इथे नियमाची अडचण येते, महोदय. 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतल्या नियम 27 प्रमाणे, कर्मचारी निवृत्त झाल्यावर चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेबद्दल विभागीय चौकशी सुरू करता येत नाही. हा पॅरा 2011 मध्ये कोणी नीट हाताळला असता तर वसुली पगारातून झाली असती. बारा वर्षांनी माझ्या हातात विनंतीशिवाय काही नव्हतं. त्या माणसाने स्वतःहून 2,200 रुपयांचं चलन भरलं. म्हणाले, "माह्या पेन्शनीतून गेले तं जाऊ द्या, पण तो कागद संपवा एकदाचा." दुसरा कोणी असता तर नाही म्हणाला असता, आणि कायदा त्याच्या बाजूने असता.

मग अनुपालन लिहिलं, दोनच पानांचं. प्रत्येक वाक्यापुढे 'सहपत्र 3, पान 11' असा संदर्भ, सहपत्रांना लाल शाईने पानांक, आणि मूळ पावती पुस्तक, दोन्ही वर्षांच्या रोकडवह्या, साठा नोंदवही पडताळणीसाठी समक्ष घेऊन गेलो. लेखापरीक्षकांनी अर्धा तास पाहिलं. महिन्याभराने पत्र आलं : परिच्छेद वगळण्यात येत आहे.

आता पॅरे निकाली काढण्याच्या मोहिमेच्या घाईत याच्या उलट काय होतं तेही सांगायला हवं. दुसऱ्या एका पॅऱ्यात त्याच वर्षाची एक वाटप यादी 'सापडली' म्हणून माझ्या टेबलावर आली. कागद जुना दिसेल असा चहाच्या पाण्यातून काढलेला. सगळ्या सह्या एकाच पेनच्या, आणि शेवटच्या रकान्यात लाभार्थ्यांचे आधार क्रमांक! देशातलं पहिलं आधार नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत सप्टेंबर 2010 मध्ये दिलं गेलं. 2008-09 च्या यादीत ते कुठून येणार? ती यादी मी परत केली. ती गेली असती तर साधा कागद नसल्याचा आक्षेप बनावट दस्तऐवजाचा झाला असता आणि एखादा नवा ग्रामसेवक, ज्याचा त्या वाटपाशी संबंधच नव्हता, फौजदारीत अडकला असता. वरून 'शून्य प्रलंबित' चा तगादा लागला की असे कागद जन्माला येतात.

माझी मागणी छोटी आहे. आमच्याकडून घेतल्या जाणाऱ्या मासिक विवरणपत्रात 'अनुपालन सादर' हा आकडा मोजला जातो आणि त्यावरच शाबासकी मिळते. तो रकाना काढून टाका. किती पॅरे वगळले गेले एवढंच विचारा, आणि जे परत आले त्यांच्यापुढे कोणता कागद कमी पडला ते लिहायला लावा. दुसरं, बदली झालेल्या लिपिकाच्या चार्ज यादीत खुर्ची-कपाटाच्या चाव्या असतात, त्याच यादीत त्याच्या टेबलाचे पॅरे आणि त्यांचे मूळ कागद कुठे आहेत ते यावं. आणि जो कर्मचारी दोन वर्षांत निवृत्त होणार आहे, त्याच्या नावाशी जोडलेले वसुलीचे पॅरे आधी हाती घ्यावेत. तो कार्यालयात असतो तोवर त्याला आठवतं, सही करता येते आणि वसुलीही होते.

भांडारपाल गेल्या उन्हाळ्यात वारले. पॅरा वगळल्याच्या पत्राची झेरॉक्स त्यांनी मागून नेली होती आणि पेन्शनच्या फाइलीत लावून ठेवली होती.

आपला,
एक सेवानिवृत्त सहायक लेखाधिकारी, वऱ्हाड