रील टाकायच्या आधी सबटायटल बघा
मंडळी, मिरामारला शूट केलेला आपला स्क्वॉटचा रील परत टाकावा लागला, कारण सांगतो. सबटायटल दोन ओळीत होतं, वर 'गुडघे आत' आणि खाली 'वळू देऊ नका', पण खालची ओळ पेजचं नाव नि डिस्क्रिप्शन येतं त्याच्या मागे गेली, म्हणजे आवाज बंद ठेवून बघणाऱ्याला फक्त 'गुडघे आत' एवढंच दिसलं, अगदी उलटं! ऐकायला कमी येणाऱ्या एका ताईंनी तसंच केलं आणि मेसेज करून विचारलं, तेव्हा कळलं. मला फार वाईट वाटलं.

तर आता सबटायटल स्क्रीनच्या मध्याच्या जरा खाली ठेवा, तळाला नको, आणि 'नका' असलेलं वाक्य तोडू नका, छोटं करून एकाच ओळीत बसवा. ऑटो कॅप्शनवर सोडू नका, समुद्राच्या वाऱ्यात ते शब्द गाळतं, त्यात आपण मध्येच कोंकणी बोलतो. शिट्टीवर थांबायचं असेल तर 'शिट्टी: थांबा' असंही लिहा, ती ऐकायला कमी येणाऱ्यांना ऐकू येत नाही.

टाकण्याआधी फोन म्यूट करून दुसऱ्या कोणालातरी दाखवा आणि काय कळलं ते विचारा.