रंगवलेल्या फोटोला ‘मूळ’ म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या महामंदीवरील लेखासोबत एका मजूर आईचा रंगीत फोटो होता. ती हनुवटीला हात लावून दूर पाहते आहे आणि दोन मुले तिच्या खांद्यांआड तोंड लपवून उभी आहेत. खाली ‘1936 मधील मूळ छायाचित्र’ असे छापले होते. डोरोथिया लँग यांनी हा फोटो कॅलिफोर्नियात निपोमो येथे, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर कृष्णधवल फिल्मवर काढला होता. त्यातले रंग नंतर कुणीतरी भरलेले आहेत.

हे रंग फिल्ममधून ‘परत मिळवता’ येत नाहीत. फिल्मवर फक्त उजेडाची कमी-जास्त मात्रा उमटते. लाल कापड आणि हिरवे कापड दोन्ही एकाच छटेचे करडे दिसू शकते. त्यामुळे रंगवणारा अंदाजच करतो. मी शोध घेतला तेव्हा याच आईचा सदरा एका प्रतीत निळसर, तर दुसऱ्या प्रतीत तपकिरी निघाला.

मूळ प्रत शोधायला मला अर्धा तास लागला. फोटोवरचा मजकूर कापून तो गूगल लेन्समध्ये टाकला, तर आधी रंगीत प्रतीच समोर आल्या. मग TinEye या संकेतस्थळावर निकाल ‘Oldest’ क्रमाने लावले. (ही तारीख फोटोची नसते, त्या संकेतस्थळाला तो प्रथम सापडल्याची असते.) तिथून छायाचित्रकाराचे नाव आणि गावाचे नाव हाती लागले. ते घेऊन loc.gov वर, म्हणजे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात, `destitute pea pickers nipomo` असे शोधले आणि fsa 8b29516 ही नोंद उघडली. तिथे निगेटिव्हवरून केलेली मोठी प्रत कुणालाही उतरवून घेता येते.

ती प्रत मोठी करून उजवा खालचा कोपरा जरूर पाहावा. तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा तिथे पुसट सावलीसारखा दिसतो. लँग यांनीच तो पुढे निगेटिव्हवरून काढून टाकायला लावला होता. अंगठा स्पष्ट दिसणारी जुनी छापील प्रतही त्याच संग्रहात आहे. म्हणजे निगेटिव्ह हाती आले तरी त्यात काय बदल झाला, हे नोंद वाचूनच कळते.

रंगीत प्रतीचा रंग काढून ती कृष्णधवल केली की मूळ मिळाले, असे काही जण समजतात. तसे होत नाही. रंग भरताना कातडी गुळगुळीत झालेली असते, अस्तनीच्या फाटक्या कडेचे धागे एकमेकांत मिसळून गेलेले असतात. करडे केल्यावरही ते तसेच राहतात.

जुना फोटो रंगीत दिसला म्हणून तो खोटाच, असेही मी म्हणत नाही. ऑटोक्रोम या काचेवरच्या खऱ्या रंगीत फोटोंची विक्री 1907 पासून होत होती, आणि त्याआधीही स्टुडिओत फोटो हाताने रंगवत असत. त्या काळी रंगवलेली प्रत ही स्वतःच एक जुनी वस्तू असते. तुमच्या पुरवणीतली प्रत तशी नाही.

येत्या रविवारी कृपया कृष्णधवल प्रत नोंद क्रमांकासह छापावी, आणि रंगीत प्रत ‘नंतर रंगवलेली’ होती हे त्याच पानावर सांगावे.

आपला,
एक वाचक, सातारा