रोटरची वीज दोन्ही दिशांनी वाहते

संपादक महोदय,

पवनचक्क्यांवरील आपल्या लेखात डबली फेड इंडक्शन जनरेटरची सगळी वीज इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टरमधून जाते, असे म्हटले आहे. ते खरे नाही. या जनरेटरचा स्टेटर, म्हणजे स्थिर भाग, थेट ग्रिडला जोडलेला असतो. कन्व्हर्टर असतो तो फक्त रोटरच्या, म्हणजे फिरत्या भागाच्या, वाटेवर: स्लिप रिंग, कार्बन ब्रश, रोटर-साइड कन्व्हर्टर, डीसी लिंक आणि ग्रिडच्या बाजूचा दुसरा कन्व्हर्टर. या वाटेने जाते ती फक्त स्लिपच्या वाट्याची वीज. स्लिप म्हणजे ग्रिडच्या वारंवारतेने ठरणाऱ्या समकालिक वेगाच्या तुलनेत रोटर किती मागे आहे, याचे प्रमाण; रोटर पुढे गेला की ते उणे होते.

चार पोलचा, 50 हर्ट्झचा, 2 मेगावॅटचा जनरेटर घेऊ. त्याचा समकालिक वेग मिनिटाला 1500 फेरे. जोरदार वाऱ्यात रोटर 1800 फेऱ्यांनी फिरतो, म्हणजे स्लिप उणे 0.2. ऱ्हास बाजूला ठेवले तर अशा वेळी स्टेटरमधून सुमारे 1667 किलोवॅट आणि रोटरमधून 333 किलोवॅट, अशा दोन्ही वाटांनी वीज बाहेर पडते. वारा मंदावून वेग 1200 वर आला की स्लिप अधिक 0.2 होते. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे उतरते, म्हणून शाफ्टवर उरतात 593 किलोवॅट. पण स्टेटरच्या मीटरवर 741 दिसतात! जादा 148 किलोवॅट कन्व्हर्टरने ग्रिडमधूनच उचलून रोटरला दिलेले असतात आणि तेच स्टेटरमधून परत येतात. त्यामुळे एकट्या स्टेटरचा आकडा पाहून उत्पादन ठरवले, तर मंद वाऱ्यात ते फुगलेले दिसते.

म्हणूनच जनरेटरच्या क्षमतेच्या साधारण 30 टक्क्यांचा कन्व्हर्टर पुरतो. स्लिपचे 20 टक्के, आणि वर रिअॅक्टिव्ह पॉवर व नियंत्रणासाठी थोडी सवड.

समकालिक वेगाजवळ मात्र एक वेगळाच त्रास आहे. तिथे रोटरमधून वीज जवळपास जात नाही, म्हणून कन्व्हर्टरला आराम असेल असे वाटते, पण घडते उलटे. 1485 फेऱ्यांना रोटरच्या करंटची वारंवारता अवघी 0.5 हर्ट्झ असते. एक आवर्तन दोन सेकंदांचे, त्यामुळे कन्व्हर्टरमधला एकच आयजीबीटी स्विच बराच वेळ शिखरावरचा करंट वाहतो, तापतो, मग थंड होतो. या चढउतारांनी चिपवरच्या तारांचे जोड हळूहळू सुटतात. वेग या पट्ट्यात रेंगाळणार नाही अशी नियंत्रणाची आखणी करणे किंवा तिथे स्विचिंग कमी करणे, हे त्यावरचे उपाय.

लहान कन्व्हर्टरची खरी किंमत मोजावी लागते ती ग्रिडचा व्होल्टेज अचानक कोसळतो तेव्हा. स्टेटरचा व्होल्टेज 690 आणि रोटर-स्टेटर वेढ्यांचे प्रमाण 3 धरले, तर थांबलेल्या रोटरवर 2070 व्होल्ट येतील. 0.2 स्लिपला त्याचे 414 होतात आणि कन्व्हर्टर ते सहज पेलतो. पण व्होल्टेज गेला तरी स्टेटरमधला चुंबकीय प्रवाह क्षणात नाहीसा होत नाही. तो जागच्या जागी थिजतो आणि रोटर त्याला 1.2 पट समकालिक वेगाने कापत राहतो. व्होल्टेज पूर्ण गेला असेल, तर पहिल्या क्षणी रोटरमध्ये 1.2 गुणिले 2070, म्हणजे जवळजवळ 2480 व्होल्ट उमटतात. नेहमीच्या सहापट! 1100 व्होल्टच्या डीसी लिंकवर कन्व्हर्टर फार तर 780 व्होल्ट देऊ शकतो. व्होल्टेज निम्म्याने पडला, तरी ही मर्यादा ओलांडली जाते. मग रोटरचा करंट कन्व्हर्टरच्या डायोडमधून डीसी लिंकमध्ये घुसतो आणि तिथला व्होल्टेज चढू लागतो.

त्यासाठी क्रोबार असतो. तो रोटरच्या टोकांना रोधक जोडून करंटला दुसरी वाट देतो. रोध फार कमी ठेवला तर करंट आवरत नाही आणि गिअरबॉक्सला झटका बसतो. फार जास्त ठेवला तर रोधकावरचाच व्होल्टेज इतका वाढतो की डायोड पुन्हा डीसी लिंक भरू लागतात. शिवाय क्रोबार चालू असताना नियंत्रण सुटलेले असते आणि जनरेटर ग्रिडमधून रिअॅक्टिव्ह पॉवर ओढतो, तीही नेमकी ग्रिडला तिची गरज असताना. म्हणून तो लवकर काढायचा असतो. पण थिजलेला प्रवाह ओसरण्याआधी काढला, तर तो लगेच पुन्हा लागतो.

प्रवाह ओसरला की नाही, हे रोटर करंटच्या नोंदीत दिसते. 1800 फेऱ्यांना तिथे एरवी 10 हर्ट्झची लाट असते. थिजलेल्या प्रवाहाची लाट 60 हर्ट्झची, आणि ती विरत जाते. नोंदीत 110 हर्ट्झची लाट दिसली आणि ती विरत नसेल, तर बिघाड तिन्ही फेजवर सारखा नाही असे समजावे. ती लाट ग्रिडमधला बिघाड दूर होईपर्यंत टिकते, आणि तोवर क्रोबार कितीदा लावला-काढला तरी उपयोग होत नाही.

आपले,
पवनऊर्जा क्षेत्रातील दोन विद्युत अभियंते